यूपीआय स्क्रीनशॉटवरून वहीत नोंद कशी करावी

अप्पा बळवंत चौकातल्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाचे हिशेब मी लिहितो. मालक दिवसभर व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट टाकतात, संध्याकाळी मी ते एक्सेलमध्ये चढवतो. रकाने चारच: तारीख-वेळ, कोणाला दिले, रक्कम, संदर्भ क्रमांक.

वेळ पावतीतली घ्या. स्क्रीनच्या अगदी वरच्या पट्टीतली वेळ स्क्रीनशॉट काढल्याची असते, पैसे गेल्याची नव्हे. नाव ‘बाइंडर काका’ असं दिसलं तर ते मालकांच्या फोनमधलं आहे. खाली बँकेतलं नाव किंवा यूपीआय आयडी दिसत असेल तर तोच लिहा. रक्कम फोटोतून मजकूर उचलणाऱ्या ॲपने घेत असाल तर ₹ कडे लक्ष ठेवा. ते चिन्ह कधीकधी २ किंवा ७ म्हणून वाचलं जातं आणि १,८५० चे २१,८५० होतात.

आता संदर्भ क्रमांक. इथे मी पहिले दोन महिने फसलो. पावतीवर जो लांब क्रमांक दिसेल तो उतरवायचो आणि महिनाअखेरीस बँकेच्या स्टेटमेंटशी एकही जुळायचा नाही. कारण साधं होतं. फोनपेवर T ने सुरू होणारा आणि गुगल पेवर अक्षरं-आकडे मिसळलेला क्रमांक हा त्या त्या ॲपचा स्वतःचा असतो. स्टेटमेंटमध्ये येतो तो १२ अंकी, फक्त आकड्यांचा. फोनपेवर तो `UTR` पुढे, गुगल पेवर `UPI transaction ID` खाली, पेटीएमवर `UPI Ref No` पुढे असतो. तो दिसत नसेल तर स्क्रीनशॉट अर्धवट आहे; परत मागवा. ‘नंतर बघू’ म्हणून रकाना रिकामा सोडू नका, नंतर कोणी बघत नाही.

हा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. नाहीतर एक्सेल तो `5.22346E+11` असा दाखवतं, आणि तशीच सीएसव्ही सेव्ह केली की शेवटचे आकडे कायमचे गेले. शेजारी ही दोन सूत्रं:

```
=LEN(D2)=12
=COUNTIF(D:D,D2)
```

पहिलं `FALSE` आलं तर उतरवताना अंक सुटलाय किंवा वाढलाय. दुसरं १ पेक्षा जास्त आलं तर नोंद दुबार आहे. गेल्या वर्षी बाइंडरच्या १,८५० रुपयांचे दोन स्क्रीनशॉट आले, एक मालकांकडून, एक त्यांच्या मुलाकडून. रक्कम तीच, नाव तेच. दोन हप्ते असतील म्हणून मी दोन्ही चढवणार होतो, पण दोन्हींवर 522346108392 होता. पैसे एकदाच गेले होते.

याच क्रमांकातून तारीखही पडताळता येते. बहुतेक वेळा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. 5 आणि 223, म्हणजे ११ ऑगस्ट २०२५. पावतीवर दुसरीच तारीख असेल तर आधी तुमचे आकडे परत वाचा, ३ आणि ८ ची अदलाबदल सर्रास होते. तरीही जुळेना, तर स्टेटमेंट उघडा. ‘प्रोसेसिंग’वाला स्क्रीनशॉट मात्र स्टेटमेंटमध्ये सापडेपर्यंत वहीत घेऊच नका.