स्नोबॉल की अ‍ॅव्हलांच? कर्जं फेडताना या चुका टाळा

दोन-तीन कर्जं एकदम चालू असतात, सगळ्यांचे हप्ते भरून महिन्याकाठी थोडी रक्कम उरते, आणि ती कुठल्या कर्जात घालावी हे कळत नाही. यावर दोन पद्धती सांगितल्या जातात. स्नोबॉलमध्ये ही जादा रक्कम सर्वांत लहान थकबाकीच्या कर्जात टाकायची. ते मिटलं की त्याचा सुटलेला हप्ताही पुढच्या लहान कर्जाकडे वळवायचा. अ‍ॅव्हलांचमध्येही रीत हीच, फक्त क्रम व्याजदराचा: सर्वांत महाग कर्ज आधी. स्नोबॉलने उत्साह टिकतो, अ‍ॅव्हलांचने व्याज वाचतं, एवढं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. चुका त्याच्या पुढे होतात.

चूक पहिली: आकडे न मांडता स्वभावावरून पद्धत निवडणं

"मला धीर नाही, म्हणून स्नोबॉल" किंवा "मी हिशेबी आहे, म्हणून अ‍ॅव्हलांच" असं लोक ठरवून टाकतात. पण स्नोबॉल किती महाग पडेल आणि उत्साह किती देईल, हे दोन्ही तुमच्या कर्जांच्या आकड्यांवर ठरतं. एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू.

| कर्ज | थकबाकी | वार्षिक व्याज | हप्ता |
|---|---|---|---|
| वस्तूसाठी घेतलेलं | 30,000 | 12% | 3,000 |
| क्रेडिट कार्ड | 1,20,000 | 36% | 6,000 |
| वैयक्तिक कर्ज | 2,00,000 | 15% | 6,000 |

हप्ते मिळून 15 हजार होतात. घरातून कर्जांसाठी दरमहा 20 हजार निघू शकतात, म्हणजे जादा 5 हजार. कार्डावर नवी खरेदी बंद आहे असं धरू.

स्नोबॉलने गेलात तर वस्तूचं कर्ज चौथ्या महिन्यात मिटतं, कार्ड तेराव्या महिन्यात आणि सगळं मिळून 21 महिन्यांत. एकूण व्याज 69,069. अ‍ॅव्हलांचने गेलात तर जादा रक्कम आधी कार्डात जाते. वस्तूचं कर्ज आपल्या नेहमीच्या हप्त्यांनी अकराव्या महिन्यात संपतं, कार्ड इथेही तेराव्यातच, आणि सगळं मिटायला पुन्हा 21 महिनेच लागतात. व्याज 66,241. फरक 2,828 चा.

म्हणजे पावणेदोन वर्षांत सुमारे 2,800 जास्त देऊन तुम्हाला पहिलं कर्ज सात महिने आधी मिटलेलं दिसतं. मी हा सौदा अनेकांना घ्यायला सांगेन. शिवाय वस्तूचं कर्ज मिटल्यावर उरलेल्या दोघांत कार्डच लहान आणि कार्डच महाग, त्यामुळे चौथ्या महिन्यानंतर दोन्ही पद्धती एकाच कर्जाकडे बोट दाखवतात आणि वाद उरत नाही.

आता एकच आकडा बदला. वस्तूचं कर्ज 30 हजारांऐवजी 90 हजारांचं धरा, बाकी सगळं तसंच. स्नोबॉलने हे पहिलं कर्ज मिटायला बारा महिने लागतात. तोवर कार्डात फक्त किमान हप्ता जातो आणि 36 टक्क्यांचं व्याज चढत राहतं. सगळं मिटतं 26 महिन्यांत, व्याज सुमारे 99,700. अ‍ॅव्हलांचने 25 महिने आणि व्याज सुमारे 82,500. फरक 17 हजारांवर गेला. आणि उत्साहाचं काय? अ‍ॅव्हलांचमध्ये कार्ड चौदाव्या महिन्यात मिटतं. पहिलं यश फक्त दोन महिने आधी मिळावं म्हणून 17 हजार मोजायचे, हे मला पटत नाही.

म्हणून निवडण्याआधी दोनच गोष्टी काढा: प्रत्येक पद्धतीत पहिलं कर्ज कितव्या महिन्यात मिटतं, आणि एकूण व्याजात फरक किती पडतो. पूर्ण तक्ता करणं जमत नसेल तर अंदाज असा घ्या: स्वस्त कर्जाकडे वळलेली सरासरी रक्कम, दोन दरांतला मासिक फरक आणि ती किती महिने वळलेली राहिली, यांचा गुणाकार. पहिल्या उदाहरणात सरासरी दहाएक हजार, महिना 2 टक्के, साधारण अकरा महिने. म्हणजे 2,200, आणि त्यात व्याजावरचं व्याज मिळवा. अंदाज खऱ्या आकड्यापेक्षा थोडा कमी येतो, पण फरक दोन हजारांचा आहे की वीस हजारांचा, हे त्यातून नक्की कळतं.

उत्साहाचा मुद्दा मी हलका मानत नाही. डेव्हिड गाल आणि ब्लेकली मॅकशेन या संशोधकांनी 2012 मध्ये कर्ज-तडजोडीच्या, म्हणजे थकलेलं कर्ज कमी रकमेत मिटवून देण्याच्या, कार्यक्रमात आलेल्या लोकांची माहिती तपासली. ज्यांची जास्त खाती बंद झाली होती, ते सगळं कर्ज मिटवण्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता जास्त दिसली, मग रकमेच्या हिशेबात ते कुठेही असोत. ती माणसं तडजोडीपर्यंत पोहोचलेली होती, नियमित हप्ते भरणाऱ्यांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही एक खातं पूर्ण बंद होण्याचा मनावर परिणाम होतो, हे त्यातून दिसतं. त्याची उलटी बाजूही नोंदलेली आहे. 2011 मध्ये मोती अमर, डॅन एरिएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत लोक मोठं कर्ज महाग असतानाही आधी लहान कर्ज मिटवत होते आणि तोटा सहन करत होते. लहान खातं बंद करण्याची ओढ मुळातच असते, त्यामुळे तिची किंमत मोजूनच तिच्यामागे जावं.

चूक दुसरी: सुटलेला हप्ता घरखर्चात विरणं

माझ्या मते सर्वांत महाग चूक हीच, आणि ती दोन्ही पद्धतींत होते. पहिल्याच उदाहरणात अ‍ॅव्हलांच निवडली, पण अकराव्या महिन्यात वस्तूचं कर्ज संपल्यावर त्याचे 3 हजार कार्डात वळवायचे राहून गेले. बाकी शिस्त पूर्ण पाळली, कार्ड मिटल्यावर त्याची रक्कमही वैयक्तिक कर्जात घातली. तर सगळं मिटायला 23 महिने लागतात आणि व्याज होतं 68,871. नीट पाळलेल्या स्नोबॉलचं व्याज होतं 69,069. व्याजदराचा क्रम लावून जे काही वाचवलं होतं, ते एका गळलेल्या हप्त्याने जवळजवळ पुसलं, वर दोन महिने जास्त.

कार्ड मिटल्यावरची रक्कमही सुटली आणि वैयक्तिक कर्जात फक्त नेमलेले 6 हजार जात राहिले, तर ते 44 व्या महिन्यापर्यंत चालतं आणि एकूण व्याज 89 हजारांच्या पुढे जातं. पद्धतीच्या निवडीचा फरक 2,800, गळतीचा फरक 23 हजारांहून जास्त.

ही गळती ओळखणं सोपं आहे. दरमहा सगळ्या कर्जांत मिळून किती गेलं, तेवढा एकच आकडा लिहीत जा. उदाहरणात तो शेवटच्या महिन्यापर्यंत 20 हजारच राहायला हवा. एखादं कर्ज मिटल्याच्या पुढच्या महिन्यात तो खाली आला, तर पैसे गळले. उपाय असा की कर्ज मिटतं त्याच दिवशी त्या हप्त्याएवढी रक्कम पुढच्या कर्जाकडे आपोआप जाईल अशी सूचना बँकेत लावायची. कार्डाच्या बाबतीत आणखी एक सापळा असतो. थकबाकी उतरते तशी किमान भरण्याची रक्कमही बिलात कमी दिसू लागते, आणि आपण नकळत तेवढीच भरतो. बिलावरचा किमान आकडा बाजूला ठेवा, ठरवलेला आकडा भरत राहा.

चूक तिसरी: फसव्या दरावरून क्रम लावणं

अ‍ॅव्हलांच पाळूनही व्याज अपेक्षेइतकं वाचत नसेल, तर दर तपासा. काही कर्जांवर दर फ्लॅट पद्धतीने सांगितलेला असतो, म्हणजे मुद्दल उतरत गेलं तरी व्याज मूळ रकमेवरच धरलेलं. तीन वर्षांच्या मासिक हप्त्यांच्या कर्जावर 10 टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीच्या हिशेबाने जवळपास 18 टक्के. वरच्या यादीतल्या 15 टक्क्यांच्या कर्जापेक्षा ते महाग, पण कागदावर स्वस्त दिसून रांगेत मागे पडतं. सगळे दर आधी घटत्या शिलकीवर आणा. सवलतीचा दर काही महिन्यांपुरता असेल, तर तो संपल्यावरचा दर धरून क्रम लावा.

फ्लॅट दराच्या कर्जात आणखी एक गोष्ट लेखी विचारून घ्या: मुदतीआधी फेडलं तर पुढचं व्याज माफ होतं का. होत नसेल, तर दर कितीही जास्त असो, तिथे जादा रक्कम घालून काहीच वाचत नाही. ते कर्ज नेमलेल्या हप्त्यांवर सोडा आणि रांगेतल्या पुढच्या कर्जाकडे वळा.

चूक चौथी: जादा रक्कम मुद्दलाला लागली की नाही हे न पाहणं

तुम्ही 5 हजार जास्त भरता, पण कर्ज देणारा ते पुढच्या महिन्याचा आगाऊ हप्ता म्हणून धरू शकतो. किंवा मुद्दलाला लावून मुदत तीच ठेवतो आणि हप्ता कमी करतो. पहिल्या प्रकारात मुद्दल लगेच उतरत नाही. दुसऱ्यात उतरतं, पण कमी झालेला हप्ता पुन्हा वरच्या गळतीला वाट करून देतो. भरताना ‘मुद्दलात जमा, मुदत कमी करा’ असं लेखी द्या, आणि पुढच्या विवरणात आधीच्या शिलकीतून हप्त्यातलं मुद्दल आणि जादा रक्कम वजा करून आकडा जुळतो का ते पाहा. मुदतीआधी फेडण्यावर शुल्क असेल तर ते व्याजाच्या बचतीतून वजा करा. काही ठिकाणी ठरावीक रकमेखाली अंशतः परतफेड घेतच नाहीत. तिथे दोन-तीन महिन्यांची जादा रक्कम साठवून एकदम भरावी लागते, आणि तेवढ्या वेळात ती खर्च होऊ नये म्हणून वेगळ्या खात्यात ठेवणं बरं.

चूक पाचवी: हातात काहीच न ठेवणं

उरलेला शेवटचा पैसाही कर्जात घातला आणि घरात अचानक खर्च निघाला, तर तो कार्डावरच जातो. मग दोन-चार महिन्यांची मेहनत एका दिवसात परत चढते, तीही 36 टक्क्यांनी. महिनाभराच्या अत्यावश्यक खर्चाएवढी रक्कम आधी बाजूला काढा, मग जादा भरणा सुरू करा.

कार्डावर खरेदी चालू ठेवणाऱ्यांना आणखी एक गोष्ट जाणवते: पहिल्या महिन्यात कार्डात 11 हजार भरले, त्यातले 3,600 व्याजात गेले, म्हणजे शिल्लक 7,400 ने उतरायला हवी होती, उतरली मात्र जेमतेम 3 हजारांनी. याचं एक कारण नवी खरेदी हे असतंच. दुसरं असं की मागची थकबाकी पूर्ण भरलेली नसताना बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या तारखेपासूनच व्याज लागतं. अशा वेळी पद्धत बदलून उपयोग नाही. बिलात नव्या खरेदीची बेरीज वेगळी काढा. ती शून्य होईपर्यंत स्नोबॉल आणि अ‍ॅव्हलांच यांची तुलनाच करता येत नाही, कारण दोन्ही तक्ते थकबाकी वाढणार नाही असं धरूनच मांडलेले असतात.