नव्या प्रॉडक्टचा फोरकास्ट काढताय? या चुका टाळा

विक्रीचा इतिहास नसला की सगळे एखादा जुना मिळताजुळता प्रॉडक्ट शोधतात, त्यात काही चूक नाही. पण शोधतात कसं, तर जो जोरात चालला तोच आठवतो. आपटलेले प्रॉडक्ट लिस्टमधून काढून टाकलेले असतात त्यामुळे ते कुणाला दिसतच नाहीत. मी आधी किंमत, ग्राहक, दुकानांचा प्रकार यावरून पाचसहा नावं लिहून काढतो आणि मगच त्यांच्या विक्रीची फाइल उघडतो. आकडे आधी बघितले की मन आपोआप मोठ्या आकड्याकडे सरकतं.

दुसरी चूक जास्त महागात पडते: दुकानदाराला गेलेला माल म्हणजे विक्री समजणं. एका कंपनीत बघितलंय. जुना प्रॉडक्ट १,५०० दुकानांत लाँच झाला होता, पहिल्या महिन्यात ९,००० नग गेले, म्हणजे दुकानामागे सहा. नवीन २,००० दुकानांत जाणार, म्हणून महिन्याला १२,००० धरले. जुन्याचा दुसरा महिना ३,००० वरच होता, पण कुणीतरी म्हणालं तेव्हा माल कमी पडला असेल, झालं, तो महिनाच सोडून दिला. लाँच झालं आणि पहिल्या महिन्यात खरंच १२,००० गेले! सगळे खूश, दुसऱ्या महिन्यासाठी पण तेवढंच प्रॉडक्शन लावलं, आणि ऑर्डर आली ४,००० ची. झालं असं की प्रत्येक दुकानाने सहातले चार नग रॅक भरायला घेतले होते आणि गिऱ्हाईकाला विकले गेले फक्त दोन. रॅक एकदाच भरतो हो!

म्हणून मी रॅकचा माल वेगळा काढतो, दुकानामागे खरी विक्री किती ते सगळ्या जुन्या प्रॉडक्टसाठी काढून मधला आकडा घेतो आणि मग नवीन दुकानांच्या संख्येने गुणतो. माल संपल्याची शंका असेल तर स्टॉकचा रेकॉर्ड बघायचा, अंदाजाने महिना उडवायचा नाही.

आता काढलेल्या आकड्यावर लोक सुचवतात ते बदल. मार्केटिंग म्हणतं जाहिरात आहे, १० टक्के वाढवा, सेल्स त्यावर १० टक्के, साहेब अजून १०. ४,००० चे ५,३२४ होतात आणि तिघांचंही कारण तीच जाहिरात. बरं, जाहिरात जुन्या प्रॉडक्टच्या लाँचला पण होतीच ना, ती आकड्यात आधीच आलीय. जुन्यात जे नव्हतं तेवढ्यासाठीच बदल करायचा, एकदाच, आणि कोणी, का, किती ते शीटमध्ये लिहून. दोनचार टक्क्यांचे बदल तर मी घेतच नाही, मूळ अंदाजच एवढा ढोबळ असतो की त्यात ते हरवतात. खाली करायचा बदल मात्र मी नीट ऐकतो, कारण आकडा कमी करा म्हणणाऱ्याला सहसा काहीतरी ठोस माहीत असतं.

नवीन प्रॉडक्ट आपल्याच जुन्या प्रॉडक्टची विक्री किती खाणार हे विसरू नका.

आणि एकच आकडा देऊ नका. कमी, मधला, जास्त असे तीन द्या, पहिलं प्रॉडक्शन कमीच्या जवळ ठेवा आणि दुकानांकडून दुसरी ऑर्डर किती दिवसांनी येते ते बघून पुढचं लावा. घाईवाल्यांना हे पटत नाही, त्यांना एक्सेलमध्ये एक सेल भरून मोकळं व्हायचं असतं.