आकाशकंदिलांचं परीक्षण: एकदा दुपारी, एकदा रात्री, एकदा सकाळी

आमच्या चाळीतल्या कंदील स्पर्धेचं परीक्षण पूर्वी एकाच फेरीत उरकायचं. वसुबारसेच्या रात्री सगळे कंदील लागले की आम्ही तिघं परीक्षक गॅलरीतून फिरायचो आणि तासाभरात निकाल. एका वर्षी आम्ही पहिला नंबर दिलेला कंदील लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी खाली आला. होल्डर वायरीला लोंबकळत राहिला, सांगाडा अंगणात. तो उचलला तेव्हा मी पहिल्यांदाच जवळून पाहिला. एकाही सांध्याला दोरा नव्हता, सगळं ग्लू गनच्या थेंबांवर उभं होतं. त्यावर मी कारागिरीचे पैकीच्या पैकी गुण दिले होते. तेव्हापासून आम्ही प्रत्येक कंदील तीन वेळा बघतो.

स्पर्धा जाहीर करतानाच गुणांची वाटणी लिहून लावा. आम्ही कारागिरीला 40, प्रकाशाला 30 आणि मजबुतीला 30 ठेवतो. सांगाड्यापासून घरी केलेले कंदील एका गटात आणि विकतचा सांगाडा आणून सजवलेले दुसऱ्या गटात घ्या. कंदिलावर नाव नको, फक्त क्रमांकाची चिठ्ठी.

दुपारी: दिवा न लावता

कारागिरी उजेडात बघायची, कारण रात्री दिवा लागला की डोळा रंगाकडे जातो आणि जोड दिसत नाहीत.

पारंपरिक कंदील घ्या. बांबूच्या कामट्यांचे सहा सारखे चौकोन करून त्यांचे कोपरे एकमेकांना बांधले की मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. म्हणजे कामट्या 24 आणि बांधायचे कोपरे 12. यातली एखादी कामटी जरा जरी लांब-आखूड झाली, तरी सांगाडा पिळवटतो. ते ओळखायचं कसं? कंदील टांगा, डोळ्यांच्या उंचीला आणा आणि हळूहळू एक फेरा फिरवा. पिळवटलेल्या सांगाड्यात एखादा त्रिकोण बसका दिसतो, आणि तिथल्या कागदावर कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी सुरकुती असते. ही सुरकुती चिकटवण्याच्या घाईतून आलेली नाही, बांधणीतून आलेली आहे, म्हणून तिचे गुण जास्त कापावेत.

मग बोट फिरवा. कामटी नीट तासली नसेल तर कूस बोटाला लागते आणि पुढे तीच कागद फाडते. कागदाची कड कामटीवरून वळवून आत चिकटवली आहे का, की नुसती वर टेकवली आहे, तेही बघा. झिरमिळ्या आणि शेपट्या शेवटी बघायच्या. त्या चटकन नजरेत भरतात, पण त्या कापणं हे कंदिलातलं सगळ्यात सोपं काम.

घरीच केलाय की नाही, अशी शंका आली तर स्पर्धकाला एकच प्रश्न विचारा: "यात कुठे अडलं होतं?" गेल्या खेपेला नववीतल्या एका मुलीने क्षणभरही न थांबता एक कोपरा दाखवला. तिथे दोरा तीनदा सोडून पुन्हा बांधला होता आणि कामटीवर त्याचे वळ उमटले होते. ज्याने हाताने केलेलं असतं त्याला ती जागा पाठ असते.

अंधार पडल्यावर: एकाच बल्बने

प्रकाशाची तुलना करायची तर बल्ब एकच हवा. आम्ही 9 वॉटचा पिवळसर उजेडाचा एक एलईडी बल्ब घेतो आणि तोच प्रत्येक कंदिलात लावतो. पांढऱ्या एलईडीत लाल-केशरी कागद फिका पडतो आणि पिवळसर उजेडात निळा मंदावतो. म्हणून कोणता बल्ब वापरणार हे स्पर्धकांना आधीच सांगा, म्हणजे ते कागद त्या हिशोबाने निवडतील. स्वतःची माळ बसवलेले कंदील त्यांच्या माळेसकटच बघावेत.

आधी वीसेक पावलं लांब उभं राहा. कंदील एकसंध उजळलेला दिसतो की आतला बल्बच डोळ्यांत घुसतो? ताव कागद उजेड पसरवतो, म्हणून अख्खा कंदील तेवल्यासारखा वाटतो. जिलेटिन पारदर्शक असतं, त्यातून बल्ब, होल्डर, वायर सगळं जसंच्या तसं दिसतं. जिलेटिन वापरणाऱ्याने आतून पांढऱ्या कागदाचा थर दिला असेल तर त्याने हा विचार केलाय, त्याचे गुण द्या. मग कंदिलाच्या बरोबर खाली जा आणि वर बघा. जिथे खळ जाड लागलीय तिथे काळपट डाग दिसतात, कागदावर कागद चढलाय तिथे पट्टा. दुपारी निर्दोष वाटलेला कंदील इथे उघडा पडतो.

मोबाइलमधल्या फोटोवरून गुण देऊ नका. कॅमेरा अंधुक कंदीलही उजळ करून दाखवतो.

रात्रभर टांगून, सकाळी

वसुबारसेला लावलेला कंदील बरेच जण त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवतात, म्हणजे साधारण 18 दिवस. मजबुतीचं माप हेच. कंदील सुतळीने उचला आणि वजन कशावर येतंय ते बघा. वायर सैल आणि सुतळी ताठ हवी. उलटं असेल तर बाकी काही बघायच्या आधी निम्मे गुण कापा, कारण वायर होल्डरमधून सुटली की कंदील पडतो आणि उघड्या तारा वर राहतात.

नंतर टेबलफॅन चार पावलांवर ठेवून पाच मिनिटं पूर्ण वेगात लावा. कंदील डोलणं चांगलंच, पण सांगाडा कुरकुरला किंवा कागद फडफडला तर जोड सैल आहेत. तासभर दिवा जळल्यावर तो बंद करून वरच्या कागदाला हाताची मागची बाजू लावा. चटका बसला तर बल्ब कागदाच्या फार जवळ आहे. मग रात्रभर गॅलरीत टांगा. पहाटेच्या दवाने कच्ची खळ सुटते आणि सकाळी कडा उलगडलेल्या दिसतात. पाणी मारून बघण्याचा हट्ट मात्र करू नका, कागदी कंदिलावर तो अन्याय आहे.

गुणांची बेरीज

इथे आम्ही सगळ्यात मोठी चूक केली होती. शेवटी तीन कंदील उरले: 4 क्रमांकाचा साधा ताव कागदाचा, 7 क्रमांकाची चांदणी आणि 11 क्रमांकाचा भलामोठा, रंग बदलणाऱ्या माळेचा. पहिल्या परीक्षकाने अनुक्रमे 78, 75, 70 दिले, दुसऱ्याने 76, 74, 71. तिसरा सढळ आणि तितकाच कडकही, त्याने 50, 68, 90 दिले. बेरीज झाली 204, 217 आणि 231. तिघांपैकी दोघांनी शेवटी ठेवलेला 11 क्रमांक पहिला आला, कारण तिसऱ्याच्या गुणांतली दरी एवढी मोठी होती की तिच्यात बाकी दोघांचं मत बुडालं.

आता आम्ही प्रत्येकाच्या गुणांवरून फक्त त्याचा क्रम काढतो आणि क्रमांची बेरीज करतो. वरच्या आकड्यांत 4 चा क्रम 1, 1, 3 म्हणजे 5. 7 चा 2, 2, 2 म्हणजे 6. 11 चा 3, 3, 1 म्हणजे 7. सगळ्यात कमी बेरजेचा कंदील पहिला. या रीतीत एका गुणाचा फरकही पूर्ण एका क्रमाचा होतो, हा तिचा तोटा आहे. म्हणून बेरीज सारखी आली तर आम्ही कारागिरीचे 40 पैकी गुण बघतो, आणि तेही सारखे निघाले तर ते दोन्ही कंदील पुन्हा दिवसाउजेडी शेजारी-शेजारी टांगून सांधे मोजतो.