कराचं गणित तपासताना दहाचं पूर्णांकन दोनदाच

फोंड्यातल्या एका शिक्षिकेचं उदाहरण घेऊ: वय साठच्या आत, जुनी करप्रणाली, वर्ष 2024-25. पगार 9,63,427. प्रमाणित वजावट 50,000 आणि ८०सीचे 1,50,000 आधी उत्पन्नातूनच काढा. (महाराष्ट्राचा तक्ता वापरत असाल तर व्यवसाय कराची ओळ खोडा, गोव्यात तो नाही.) उरले 7,63,427. पहिलं पूर्णांकन इथे: 7,63,430.

आता स्लॅब. अडीच ते पाच लाखांवर 12,500, पुढच्या 2,63,430 वर वीस टक्क्यांनी 52,686. एकूण 65,186. हा आकडा 65,190 करू नका, चूक बहुधा इथेच होते. चार टक्के उपकर 2,607.44 मिळवून 67,793.44. पैसे सोडा, शेवटचा अंक पाचापेक्षा कमी, म्हणून 67,790. मधेच पूर्णांकन केलं असतं तर 67,800 आले असते.