ग्रंथालयाचं खरेदी बजेट: या चुका टाळा

पुण्यातल्या कॉलेजांच्या ग्रंथालयांचे खरेदीचे हिशेब बघायला मला वारंवार बोलावतात, आणि बहुतेक ठिकाणी एकच दोष सापडतो. खर्चाच्या वहीत फक्त भरलेली बिलं असतात. मंजूर रकमेतून ती वजा केली की जो आकडा उरतो, त्याला शिल्लक म्हणतात आणि त्याच्या जोरावर नवी ऑर्डर काढतात. पण दिलेल्या ऑर्डरींचे पैसे अजून खात्यात दिसत असले, तरी ते आपले राहिलेले नसतात. पुढच्या महिन्यांत ज्यांचं नूतनीकरण करायचंच आहे, त्या नियतकालिकांचे पैसेही आपले नसतात.

एका कॉलेजात हे पुरतं अंगाशी आलं. वर्षाचं बजेट सहा लाख. सप्टेंबरअखेर 2,20,000 रुपयांची बिलं भरून झाली होती, म्हणून वही 3,80,000 शिल्लक दाखवत होती. एका विभागप्रमुखांनी दीड लाखाच्या संदर्भग्रंथांची यादी आणली. ग्रंथपाल नवीन होते, सर घाईत होते, ग्रंथालय समितीनं वही बघून सही केली.

वहीत काय नव्हतं ते बघा. जुलै-ऑगस्टमध्ये अप्पा बळवंत चौकातल्या विक्रेत्यांना दिलेल्या 90,000 रुपयांच्या ऑर्डरींची पुस्तकं यायची होती. शाळा-कॉलेजं उघडण्याच्या दिवसांत तिथं क्रमिक पुस्तकांची झुंबड असते, त्यामुळे कॉलेजच्या संदर्भग्रंथांना उशीर होतो. जर्नल्सचं नूतनीकरण डिसेंबरमध्ये होतं. आदल्या वर्षी त्याला 1,10,000 लागले होते, दहा टक्के वाढ धरली तर 1,21,000. फेब्रुवारीत एका डेटाबेसचे 95,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1,12,100. बाइंडिंगला 30,000. सगळं मिळून 3,53,100. म्हणजे खरोखर मोकळे पैसे होते 26,900, आणि ऑर्डर गेली दीड लाखाची.

डिसेंबरात पैसे कमी पडले तेव्हा जर्नल्स थांबवली, कारण पुस्तकांची ऑर्डर लेखी गेली होती आणि नूतनीकरण "नंतर करू" म्हणता येत होतं. मार्चमध्ये इकडून तिकडून तजवीज करून वर्गणी भरली. तोवर काही छापील जर्नल्सचे जानेवारी-फेब्रुवारीचे अंक संपले होते. वर्गणीदारानं न मिळालेल्या अंकाची तक्रार मुदतीत केली तर प्रकाशक तो सहसा पुन्हा पाठवतो. वर्गणीच उशिरा भरली तर तक्रार कशाच्या आधारावर करणार? त्या वर्षाचा खंड कायमचा अपुरा राहिला.

यावर माझी सवय जुनी आणि साधी आहे. खर्चाच्या प्रत्येक शीर्षाला चार रकाने: मंजूर, गुंतलेली, भरलेली, मोकळी. ऑर्डरच्या पत्रावर सही झाली की त्याच दिवशी सूट वजा जाता येणारी रक्कम "गुंतलेली"मध्ये लिहायची. बिल भरलं की ती तिथून खोडून पुढच्या रकान्यात न्यायची. नूतनीकरणाच्या रकमा तर एप्रिलमध्येच, पहिलं पुस्तक घेण्याआधी, गुंतलेल्या धरायच्या. समितीपुढे फक्त शेवटचा रकाना ठेवायचा. ऑर्डरच्या पत्रावर पुरवठ्याची मुदत लिहा, मी 45 दिवस देतो. मुदत उलटली की विक्रेत्याला फोन करायचा, पुस्तक मिळणार नसेल तर लेखी रद्द करून रक्कम मोकळी करायची. हे राहिलं की रक्कम उगाच अडकून पडते आणि मार्चमध्ये परत जाते.

कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर खरेदीच्या भागात `Ordered` आणि `Spent` असे वेगळे आकडे मिळतात. पण ऑर्डर तिथं बास्केट करून नोंदवली तरच. पुष्कळ जण पुस्तक हातात आल्यावर थेट कॅटलॉगमध्ये चढवतात, वेळ वाचतो म्हणून. मग `Ordered` कायम शून्य दाखवतं आणि सॉफ्टवेअर असूनही वहीचीच चूक पुन्हा होते. हा आडमार्ग मला अजिबात मान्य नाही.

दुसरी चूक जर्नल्सच्या वर्षाची. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, जर्नल्सचं बहुधा जानेवारी ते डिसेंबर, आणि पैसे आगाऊ. त्यामुळे या बजेटमधून भरलेल्या वर्गणीचे नऊ महिने पुढच्या आर्थिक वर्षात पडतात. लेखापरीक्षक "माल कुठे आहे?" विचारतात तेव्हा नवखे ग्रंथपाल गोंधळतात. वर्गणीच्या बिलावर कालावधी छापून घ्या आणि आगाऊ रकमेची मंजुरी समितीच्या इतिवृत्तात ठेवा. यादी सप्टेंबरात पक्की करावी, दर ऑक्टोबरात मागवावेत. परदेशी जर्नल असेल तर बिल भरेपर्यंत डॉलरचा भाव हलतो, त्यासाठी मी पाच टक्के जादा धरतो.

यादी पक्की करताना आपल्याला काय आधीच मिळतं ते बघा. वन नेशन वन सबस्क्रिप्शन जानेवारी 2025 पासून सुरू आहे, 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नल्स त्यात आहेत, पण ती योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे. शेजारच्या सरकारी कॉलेजला मिळतं म्हणून खासगी कॉलेजनं आपली वर्गणी बंद करू नये. कॉलेजांना ई-जर्नल्स देणाऱ्या एन-लिस्टचे तुम्ही सदस्य असाल तर तीही यादी उघडून एकेक नाव ताडून पाहा. अर्धा दिवस जातो, पण एकाच जर्नलचे दोनदा पैसे जात नाहीत.

डिजिटलचं कोटेशन घेताना जीएसटी वेगळा लिहून मागा. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, म्हणून कुठल्याच डिजिटलवर नसेल असं धरून चालणारे दरवर्षी भेटतात. आणि वर्गणी थांबल्यावर जुने अंक दिसणार की नाही, हे सही करण्याआधी लेखी घ्या.

परदेशी पुस्तकांच्या बिलासोबत मूळ किमतीचा पुरावा आणि रूपांतराचा दर मागा. नुसत्या सुटीच्या टक्क्यावर भुलू नका.

शेवटच्या ऑर्डरी 31 जानेवारीला बंद. मार्चमध्ये मागवलेलं पुस्तक एप्रिलच्या तारखेच्या बिलासह येतं.

बाइंडिंगची रक्कम उरलेल्या पैशांतून काढण्याची पद्धत मला सर्वांत जास्त खटकते. जर्नलचा खंड डिसेंबरचा अंक येऊन, अनुक्रमणिका लागून पूर्ण झाल्याशिवाय बांधायला देता येत नाही, आणि तो अंक कधी कधी फेब्रुवारीत येतो. म्हणून 2024 च्या खंडांचे पैसे 2025-26 च्या बजेटमध्ये धरा, म्हणजे मार्चअखेरीची घाई राहत नाही. देण्याआधी अंक मोजा, गहाळ अंकाची चिठ्ठी खंडात ठेवा. बाइंडरशी दर ठरवताना शिवून की नुसतं चिकटवून, हे स्पष्ट लिहा. चिकटवलेला जाड खंड झेरॉक्ससाठी दोन-चारदा दाबून उघडला की पानं सुटायला लागतात, आणि मग त्याच खंडाचे पैसे पुन्हा मोजावे लागतात. मी आधी एकच खंड बांधून घेतो, मधोमध उघडून टेबलावर सपाट राहतो का बघतो, कडेची छपाई कापली गेली नाही ना हे तपासतो, आणि मगच बाकीचा गठ्ठा पाठवतो.