मॅप 1 तास 36 मिनिटं म्हणतो, मग घरातून पावणेसातला का निघायचं? या चुका टाळा

माझा भाचा बदलापूरला राहतो, गेल्या वर्षी त्याला अंधेरी पूर्वेला चकाल्याजवळ जॉब लागला. जॉइनिंगच्या आदल्या रात्री त्याचा फोन आला, "मामा, मॅप 1 तास 36 मिनिटं दाखवतोय, साडेनऊला पोचायचंय, म्हंजे साडेसातला निघालो तरी चालेल ना, वर अर्धा तास हातात आहे." मी म्हटलं थांब, कागद पेन घे आणि माझ्यासोबत उलटं मोजत ये. तेव्हा जे मोजलं तेच इथे लिहितोय, कारण बदलापूर, अंबरनाथ, टिटवाळ्याकडून पहिल्यांदा मुंबईत नोकरीला जाणारी बरीच मुलं हीच चूक करतात आणि पहिल्याच आठवड्यात दोन लेटमार्क लागतात.

चूक 1: एकूण आकडा बघायचा, जोड बघायचे नाहीत

मॅपचा 1:36 खोटा नाहीये. तो असा बनतो: रिक्षा 7 मिनिटं, लोकलची वाट 3, फास्ट लोकलने घाटकोपर 58, पुलावरून मेट्रोकडे चालत 5, मेट्रोची वाट 2, मेट्रोने चकाला 13 आणि शेवटचं चालणं 8. सगळं वेळेवर, रांग कुठेच नाही आणि प्रत्येक गाडी तुम्ही पोचलात की दोन-तीन मिनिटांत समोर, असं धरलेलं असतं. पण वेळ गाडीत बसल्यावर जात नाही, दोन गाड्यांच्या मध्ये जातो, आणि तिथे काय होतं ते मॅपला माहीत नसतं.

साधं उदाहरण शेअर रिक्षाचं. ती सीटं भरल्याशिवाय हलत नाही, मॅपला फक्त रस्ता दिसतो. घर ते स्टँड 4 मिनिटं, भरायला 8 पर्यंत, सकाळच्या गर्दीत प्रवास 10, म्हणजे 7 चे झाले 22.

दुसरा जोड घाटकोपरचा, आणि तो सगळ्यात मोठा. सकाळी साडेआठच्या सुमाराला फास्टमधून उतरलेली गर्दी एकाच वेळी जिन्याकडे वळते, मग पूल, मग मेट्रोची बॅग तपासणी, मग गेट, मग प्लॅटफॉर्मवर रांग, आणि पहिल्या मेट्रोत शिरता येईलच असं नाही. कागदावर 5 आणि 2 असे 7 मिनिटं, मी तिथे 20 धरतो. तिकिटाच्या रांगेत उभं राहायचं असेल तर अजून वाढतील, म्हणून पास किंवा मोबाइल तिकीट आधीच काढून ठेवायचं.

चूक 2: "वर अर्धा तास ठेवलाय" म्हणून निवांत राहायचं

शिल्लक वेळ किती ठेवलाय यापेक्षा कुठे ठेवलाय हे जास्त महत्त्वाचं आहे. घाटकोपरला मेट्रो चुकली तर सकाळी दुसरी काही मिनिटांत येते, तिथे घाबरायचं कारण नाही. पण बदलापूरहून फास्ट चुकली तर पुढची फास्ट कधी आहे ते टाइमटेबलात बघा, कधीकधी वीसेक मिनिटांचा फरक असतो आणि मधे स्लो असते. स्लो आधी निघाली म्हणून आधी पोचेल असं नाही, ठाण्यापर्यंत सगळे थांबे घेत गेली तर मागून सुटलेली फास्ट तिच्या पुढे निघते. म्हणजे रिक्षात गेलेली 2 मिनिटं तुम्हाला ऑफिसमध्ये 20 मिनिटं उशीर करवतात. म्हणून मोकळा वेळ नेहमी जी गाडी कमी वेळा येते तिच्या आधी ठेवायचा, तिच्या नंतर नाही.

उलटं मोजायचं ते असं

ऑफिस 9:30. गेटवर नाव लिहिणं, लिफ्ट याला पहिल्या दिवशी 10 मिनिटं, म्हणजे गेटवर 9:20. स्टेशनचे जिने धरून चालणं 8 ऐवजी 12, म्हणजे चकाल्याला उतरायचं 9:08. मेट्रो 13 मिनिटं, म्हणजे घाटकोपरला आत शिरायचं 8:55. जोडाचे 20, म्हणजे लोकल घाटकोपरला 8:35 ला यायलाच हवी. लोकल 10 मिनिटं लेट होऊ शकते हे धरा (कल्याण-बदलापूर पट्ट्यात लोकल आणि पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस त्याच रुळांवरून धावतात, पुढे सिग्नल मिळेपर्यंत लोकल उभी राहते), म्हणून टाइमटेबलाप्रमाणे ती 8:25 ला पोचणारी हवी. त्यातून 58 वजा केले की 7:27.

आता इथे गंमत नाही, नेमका मुद्दा आहे: 7:27 ला गाडी असेलच असं नाही, त्याच्या आधीची जी फास्ट असेल ती धरावी लागते. समजा ती 7:19 ची आहे, तर आणखी 8 मिनिटं मागे या. प्लॅटफॉर्मवर 10 मिनिटं आधी, म्हणजे 7:09, आणि रिक्षाचे 22 धरले की घरातून 6:47.

1:36 चे झाले 2 तास 43 मिनिटं. साडेसातला निघाला असता तर ती गाडी केव्हाच गेलेली असती.

चूक 3: कल्याणला 3 मिनिटांची बदली

ॲप कधीकधी असा मार्ग सुचवतं की मिळेल त्या लोकलने कल्याणला जा, तिथून 3 मिनिटांनी दुसरी फास्ट पकडा. प्लॅटफॉर्म तोच असेल तर ठीक, पण पूल चढून उतरायचा असेल तर सकाळच्या गर्दीत 3 मिनिटांत होत नाही, आणि पहिली गाडी जरा जरी लेट झाली तरी बदली गेली. शिवाय कल्याणला गाडीत चढायला मिळणं हेच वेगळं काम आहे. 10 मिनिटांपेक्षा कमी वेळ असेल तर ती बदली नाहीच असं धरून चाला. याच्याऐवजी बदलापूरहून सुटणारी लोकल असेल तर तीच बघा, बसायलाही मिळायची शक्यता जास्त.

चूक 4: रात्री 10 ला रस्त्याची वेळ बघणं

"ट्रेन नको, कॅब करतो" म्हणणाऱ्यांची ही चूक. रात्री काटई नाका, शिळफाटा, ऐरोली मोकळं असतं, तेव्हाचा आकडा सकाळच्या कामाचा नाही. मॅपमध्ये निघायची किंवा पोचायची वेळ टाकून उद्याची सकाळ निवडा, मग तो एक आकडा न देता दोन देतो, इतके ते इतके. त्यातला मोठा घ्या. छोट्यावर विसंबून इंटरव्ह्यूला निघू नका.

रविवारी परीक्षा असेल तर वेगळं गणित. मेगाब्लॉकची बातमी आदल्या एक-दोन दिवसांत येते, ती वाचा, कारण ब्लॉकमध्ये फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात आणि 58 मिनिटं धरलेला तुकडा बराच लांबतो. सणाच्या सुट्टीलाही बऱ्याचदा रविवारचं टाइमटेबल लागतं, रोजची 7:19 त्या दिवशी नसू शकते.

मग रोज 6:47 ला निघायचं का?

नाही. भाच्याला मी सांगितलं, पहिले 10 दिवस फोनमध्ये फक्त चार वेळा लिहून ठेव: घर सोडलं, लोकल सुटली, घाटकोपरला उतरलो, मेट्रोत शिरलो. दहा दिवसांनी प्रत्येक तुकड्यातला सगळ्यात वाईट दिवस बाजूला ठेव आणि त्याच्या खालचा दुसरा वाईट दिवस धर. सरासरी धरू नकोस, सरासरीवर चाललं तर साधारण अर्धे दिवस उशीर होणार. त्याचे रिक्षाचे 22 चे 15 झाले कारण तो स्टँडच्या आधीच्या चौकात भरत आलेली रिक्षा पकडायला लागला, घाटकोपरचे 20 चे 14 झाले कारण पुलाच्या जिन्यासमोर येणारा डबा कोणता ते त्याला कळलं. ऑफिसच्या गेटवरचे 10 चे 3. पण लोकल लेटचे 10 आणि प्लॅटफॉर्मवरचे 10 त्याने अजून कमी केलेले नाहीत, आणि मीही करू दिले नाहीत. गाडी अजूनही 7:19 चीच, निघतो 6:54 ला.