समांतर सत्रांचे वेळापत्रक: आधी जोड्या मोजा, दालने नंतर ठरवा

रत्नागिरीत बागायतदार आणि मत्स्यव्यावसायिकांची एकत्र परिषद तीन दालनांत भरवायची आहे, असे समजा. नोंदणीच्या वेळीच प्रत्येकाकडून हमखास ऐकायची चार व्याख्याने निवडून घ्यावीत आणि ती स्प्रेडशीटमध्ये भरावीत: प्रत्येक ओळीत एक व्यक्ती, प्रत्येक स्तंभात एक व्याख्यान, निवडले असल्यास 1, नसल्यास 0. नोंदणी 120 जणांची असेल, तर दोन व्याख्यानांचे सामाईक श्रोते असे मिळतात:

```
=SUMPRODUCT(B2:B121,C2:C121)
```

आंब्यावरील फुलकिडी 60 जणांनी आणि कोळंबी संवर्धन 50 जणांनी निवडले, पण दोन्ही निवडणारे तिघेच निघाले, तर ही दोन्ही गर्दीची व्याख्याने खुशाल एका वेळी ठेवावीत. उलट काजूवरील ढेकण्या हा विषय 40 जणांनीच निवडला असला, तरी त्यांतील 35 जणांना फुलकिडीही ऐकायची असेल, तर ती जोडी वेगवेगळ्या वेळांना गेलीच पाहिजे. टक्कर लोकप्रियतेमुळे होत नाही, सामाईक श्रोत्यांमुळे होते.

म्हणून सर्वांत मोठ्या आकड्याच्या जोड्या आधी वेगळ्या कराव्यात आणि लहान आकड्यांची व्याख्याने उरलेल्या जागी बसवावीत. एकाच वक्त्याची दोन व्याख्याने कधीच समांतर येऊ नयेत, हे ओघाने आलेच. वेळा पक्क्या झाल्यावरच दालने वाटावीत. त्या वेळेचे सर्वाधिक निवडीचे व्याख्यान सर्वांत मोठ्या दालनात जाते. एखाद्या व्याख्यानाचे सामाईक श्रोते सर्वच विषयांशी जास्त असतील, तर कितीही फिरवाफिरव केली तरी टक्कर टळत नाही. ते एकट्याने तरी ठेवावे, नाहीतर वक्त्याला विचारून दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावे.